गुंतलेलं सर्किट सोडवताना: आधी नोडची नावं, मग आकृती

प्रश्न: सर, मी बारावीत आहे. आकृती सरळ असली की सिरीज-पॅरलल मला लगेच दिसतं. पण तारा एकमेकींवरून जाऊ लागल्या की मी अंदाजच मारते. नोडला नावं देऊन आकृती परत काढ असं सगळे सांगतात. ती नावं नक्की कुठे द्यायची, आणि दिल्यावर सिरीज कोणते, पॅरलल कोणते हे कसं ओळखायचं?

उत्तर:

बहुतेक गोंधळ एका समजुतीतून होतो. आकृतीतला काळा ठिपका म्हणजे नोड, असं मुलं धरून चालतात आणि प्रत्येक ठिपक्याला वेगळं नाव देतात. मग आकृती पुन्हा काढली तरी ती तितकीच गुंतलेली राहते, कारण जुनंच चित्र नव्या अक्षरांत उतरवलेलं असतं. नोड म्हणजे ठिपका नव्हे. एका ठिकाणाहून निघून, कुठलाही घटक न ओलांडता, तारेतारेने जिथपर्यंत पोचता येतं तो सगळा भाग मिळून एक नोड. वाड्याला दहा दरवाजे असले तरी वाडा एकच असतो, तसे एका नोडवर दहा ठिपके असू शकतात.

असं का, तेही लक्षात घे, नाहीतर हा नुसता नियम म्हणून पाठ होईल. आपण तारेचा रोध शून्य धरतो. V = IR मध्ये R शून्य असेल तर तारेतून कितीही प्रवाह वाहो, तिच्या दोन टोकांमधलं विभवांतर शून्यच. म्हणजे ती अख्खी तार एकाच विभवावर आहे. तिला लांब काढा, आखूड काढा, कोपऱ्यातून वळवा किंवा आकसून एका बिंदूत गोळा करा, गणिताला फरक पडत नाही. आकृती बदलून काढायची मुभा आपल्याला मिळते ती एवढ्याच कारणाने.

आता काम सुरू करताना बॅटरीच्या धन टोकावर पेन्सिल ठेव आणि तारेवरून चालत जा. ठिपका लागला की सगळ्या फाट्यांनी जा. रेझिस्टर, बॅटरी, बल्ब किंवा उघडा स्विच आला की थांब. तो ओलांडायचा नाही. बंद केलेला स्विच आणि आदर्श अ‍ॅमीटर मात्र ओलांडायचे, कारण ते तारच आहेत. आदर्श व्होल्टमीटर तिथे नाहीच असं समजायचं. ठिपका नसताना दोन तारा एकमेकींना छेदत असतील तर त्या जोडलेल्या नाहीत, सरळ पुढे जायचं. जिथवर पोचलीस त्या सगळ्याला एक रंग आणि एक अक्षर, अ. मग ऋण टोकापासून तेच करून ब. उरलेल्या तारांना प, क, ड अशी नावं दे. रंगीत पेन्सिली खरोखर वापर, निदान पहिले काही दिवस. अक्षरं लिहिताना एखादा फाटा सुटतो, रंग भरताना सुटलेला फाटा पांढरा दिसतो.

एक छोटं उदाहरण घेऊ, कारण सगळी गंमत त्यात आहे. एका आडव्या रेषेत डावीकडून उजवीकडे ६, ३ आणि २ ओहमचे रेझिस्टर काढलेत. डाव्या टोकापासून एक तार वरून कमान करून ३ आणि २ यांच्या मधल्या ठिपक्यावर उतरते. ६ आणि ३ यांच्या मधल्या ठिपक्यापासून दुसरी तार खालून जाऊन उजव्या टोकाला मिळते. दोन्ही टोकांमध्ये ६ व्होल्ट दिलेत. वर्गात हे दिलं की बरेच जण ११ ओहम सांगतात, कारण तिघं एका रांगेत उभे दिसतात. काही जण म्हणतात की तारेमुळे ६ आणि ३ शॉर्ट झाले, उरला फक्त २.

रंग भर. डावं टोक अ. वरच्या कमानीने चालत गेलीस की ३ आणि २ मधला ठिपकाही अ. उजवं टोक ब. खालच्या तारेने मागे आलीस की ६ आणि ३ मधला ठिपकाही ब. संपलं, तिसरा नोड नाहीच. आता प्रत्येक रेझिस्टरची टोकं वाच: ६ अ ते ब, ३ ब ते अ, २ अ ते ब. तिघांच्याही टोकांवर तीच दोन अक्षरं, म्हणजे तिघंही समांतर. व्यस्तांची बेरीज १/६ + १/३ + १/२ = १, म्हणून परिणामी रोध १ ओहम आणि बॅटरीतून ६ अँपिअर.

यातला मधला ३ ओहम जरा जवळून बघ. त्याचं डावं टोक ब आहे आणि उजवं अ. म्हणजे कागदावर प्रवाह ६ आणि २ मधून डावीकडून उजवीकडे जातो, तर ३ मधून उजवीकडून डावीकडे. 'एका रांगेत म्हणजे सिरीज' ही सवय इथे साफ फसते, कारण सिरीजमधल्या दोघांमधून प्रवाह उलटसुलट जाऊच शकत नाही. प्रत्येकावर ६ व्होल्ट, म्हणून प्रवाह अनुक्रमे १, २ आणि ३ अँपिअर. वरच्या कमानीत अ‍ॅमीटर लावला तर तो किती दाखवेल? ती तार ३ आणि २ या दोघांना पुरवते, म्हणून २ + ३ = ५ अँपिअर. खालच्या तारेतून ६ आणि ३ यांचे १ + २ = ३ अँपिअर परततात. हा प्रश्न परीक्षेत आवडीने विचारतात. इथे लक्षात ठेव की नावं दिल्यावर तार एका बिंदूत गोळा होते, त्यामुळे तारेतला प्रवाह नव्या आकृतीत दिसतच नाही. तो काढायचा तर रेझिस्टरमधले प्रवाह घेऊन मूळ आकृतीकडे परत यावं लागतं आणि त्या विशिष्ट तारेच्या टोकाला कोण जोडलेलं आहे ते बघावं लागतं.

आता जरा खोडसाळ आकृती. १६ व्होल्टची बॅटरी. धन टोकापासून ५ ओहम, मग एक ठिपका. तिथून १२ ओहम सरळ खाली उतरून ऋण तारेला मिळतो. त्याच ठिपक्यापासून उजवीकडे ३ ओहम, मग दुसरा ठिपका, आणि तिथून २ ओहम खाली ऋण तारेला. पहिल्या ठिपक्यापासून आणखी एक तार वरून पार उजव्या कोपऱ्यात जाते. तिथे ६ ओहम उभा काढलाय आणि त्याच्या खालच्या टोकाची तार परत येऊन २ ओहमच्या डोक्यावरच्या तारेला जोडली आहे. दुसऱ्या ठिपक्यापासून एक १० ओहम निघतो, त्याची तार मोठा वळसा घेऊन, मधली एक तार ठिपक्याशिवाय ओलांडून, परत त्याच ठिपक्यावर येते. शेवटी तिथूनच ७ ओहम निघून उघड्या स्विचपर्यंत जातो, स्विचच्या पलीकडे ऋण तार.

धन टोक अ, ऋण तार ब, पहिला ठिपका आणि वरची लांब तार प, दुसरा ठिपका आणि त्याला चिकटलेलं सगळं क, ७ आणि स्विचच्या मधला तुकडा ड. आता आकृती बाजूला ठेव आणि यादी कर: ५ अ–प, १२ प–ब, ३ प–क, ६ प–क, २ क–ब, १० क–क, ७ क–ड.

यादी बरोबर आहे का हे तपासायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक रेझिस्टरला दोन टोकं, सात रेझिस्टर, म्हणजे नोडनिहाय टोकं मोजून बेरीज १४ यायलाच हवी. अ वर १, प वर ४, क वर ६, कारण १० ची दोन्ही टोकं तिथेच आहेत, ब वर २ आणि ड वर १. जमलं. १४ आली नाही तर कुठेतरी टोक सुटलंय किंवा दोनदा मोजलंय.

यादी हातात आली की आधी बिनकामाचे काढून टाक. ज्याच्या दोन्ही टोकांवर एकच अक्षर तो शॉर्ट झालेला, त्याच्यावर विभवांतरच नाही. म्हणून १० गेला. ज्याचं एक टोक अशा नोडवर आहे जिथे दुसरं कोणीच नाही, त्याच्यातून प्रवाह जायला वाट नाही. म्हणून ७ गेला. स्विच बंद केला तर ड आणि ब एक होतील, ७ ची नोंद क–ब होईल आणि तो २ ला समांतर होईल. यादीत एवढाच बदल, आकृती पुन्हा बघायची गरज नाही.

मग पॅरलल शोध, म्हणजे अक्षरांची तीच जोडी असलेले. इथे ३ आणि ६ दोघंही प–क आहेत, आकृतीत एक मध्यभागी आणि एक कोपऱ्यात असला तरी. त्यांचा मिळून २ ओहम, प–क.

सिरीजची कसोटी पॅरललपेक्षा कडक आहे आणि चुका इथेच जास्त होतात. दोन रेझिस्टर सिरीजमध्ये असायचे तर त्यांच्यात एक सामाईक नोड हवा आणि त्या नोडवर त्या दोघांशिवाय तिसरं कोणीही नको: रेझिस्टर नको, तार नको, बाहेरून जोडलेलं टोकही नको. मूळ आकृतीत ३ आणि खालचा २ एकापाठोपाठ दिसतात, पण क वर ६ सुद्धा आहे, म्हणून ते सिरीजमध्ये नव्हते. ३ आणि ६ एक झाल्यावर मात्र क वर दोनच टोकं उरली. आता प–क मधला २ आणि क–ब मधला २ सिरीज झाले, ४ ओहम, प–ब. क हा नोड यादीतून पुसून टाक. राहिलं ५ अ–प, १२ प–ब, ४ प–ब. १२ आणि ४ समांतर, ३ ओहम. प वर आता दोनच टोकं, म्हणून ५ + ३ = ८ ओहम.

दर पायरीनंतर यादी नव्याने लिही, कारण आधी नसलेली सिरीज किंवा पॅरलल जोडी मागच्या पायरीमुळे तयार होते. उलट परत येताना प्रवाह आपोआप मिळतात. १६ व्होल्टला ८ ओहम, २ अँपिअर. ५ वर १० व्होल्ट पडले, म्हणून प चं विभव ६ व्होल्ट. १२ मधून ०.५, उरलेले १.५ अँपिअर क कडे. खालच्या २ वर ३ व्होल्ट, म्हणून ३ आणि ६ वरही ३ व्होल्ट उरतात, आणि त्यांच्यातून १ आणि ०.५ अँपिअर. बेरीज १.५, म्हणजे क वरचा हिशेब जुळला.

नवी आकृती काढायचीच असेल तर यादीवरूनच काढ, जुन्या चित्राकडे बघूही नकोस. अ डावीकडे, ब उजवीकडे, बाकीचे नोड मध्ये ठिपके म्हणून मांड आणि एकेक रेझिस्टर आपल्या दोन ठिपक्यांमध्ये बसव. खरं सांगायचं तर सवय झाल्यावर ही आकृती लागत नाही, यादीच पुरते. संगणकही असंच करतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७३ मध्ये बाहेर आलेल्या 'स्पाइस' या प्रोग्रॅमला चित्र ठाऊकच नसतं, त्याला फक्त घटक, त्याचे दोन नोड आणि किंमत एवढं द्यायचं. आपलं सर्किट, १० आणि ७ वगळून, त्याच्या भाषेत असं होईल:

```
* five resistors
V1 1 0 16
R1 1 2 5
R2 2 0 12
R3 2 3 3
R4 2 3 6
R5 3 0 2
.op
.end
```

यात अ म्हणजे 1, प म्हणजे 2, क म्हणजे 3 आणि ब म्हणजे 0. पहिली ओळ शीर्षक मानली जाते, म्हणून तिथे घटक लिहायचा नाही. आणि 0 नावाचा नोड असावाच लागतो, बाकी सगळी विभवं त्याच्या तुलनेत मोजली जातात. नोड 2 वर ६ आणि 3 वर ३ व्होल्ट आले की आपलं उत्तर पडताळलं.

सिरीजच्या कसोटीत मी 'बाहेरून जोडलेलं टोकही नको' म्हटलं, त्यावर थोडं थांबायला हवं. तीन रेझिस्टरचा त्रिकोण घे: अ–ब ६, ब–क २, क–अ ४. यात सिरीजमध्ये कोण आहे? जोपर्यंत कुठल्या दोन टोकांमध्ये मोजायचं हे सांगितलेलं नाही, तोपर्यंत या प्रश्नाला उत्तरच नाही. अ आणि ब मध्ये मोजलं तर क वर दोनच टोकं आहेत, म्हणून ४ आणि २ सिरीज, ६ ओहम, आणि तो वरच्या ६ ला समांतर, उत्तर ३ ओहम. ब आणि क मध्ये मोजलं तर क वर बाहेरची तार येते, मग ४ आणि २ ची सिरीज मोडते. आता सिरीजमध्ये ४ आणि ६ आहेत, त्यांचे १० ओहम २ ला समांतर, उत्तर सुमारे १.६७. क आणि अ मध्ये सुमारे २.६७. सर्किट तेच, उत्तरं तीन. म्हणून अ आणि ब ही नावं टोकांसाठी राखून ठेव आणि त्यांच्याभोवती गोल कर. गोल केलेला नोड कधीही पुसायचा नाही. पॅरललचं तसं नाही. अक्षरांची जोडी जुळली की ते समांतर, मोजणी कुठूनही होवो.

प्रयोगशाळेत ब्रेडबोर्डवर हेच करायचं तर एका रांगेतली पाच छिद्रं मिळून एक नोड. मल्टीमीटरच्या 'बीप' मोडने कोणत्या रांगा एकमेकींना जोडल्यात ते शोधता येतं, अर्थात बॅटरी काढून. पण सावध राहा: बरेच मीटर काही दहा ओहमपर्यंतच्या रोधालाही बीप देतात. आपल्या उदाहरणातला ६ ओहम अशा मीटरला तारेसारखाच वाटेल. म्हणून बीपवर विसंबण्यापेक्षा आकडा वाच, आणि लहान रोध असतील तर ते काढूनच नोड तपास.

शेवटी, ही पद्धत कुठे थांबते. कधीकधी नावं अचूक दिली, यादी तपासली, तरी एकही जोडी जुळत नाही आणि दोन टोकांचा एकही मधला नोड सापडत नाही. उदाहरणार्थ अ–प २, अ–क १, प–ब १, क–ब २ आणि प–क १. मुलं इथे आपलंच काहीतरी चुकलं समजून पुन्हा पुन्हा नावं बदलत बसतात. पण हा व्हीटस्टन ब्रिज आहे. यात सिरीज किंवा पॅरलल असं कोणी नाहीच, तेव्हा ओढूनताणून शोधू नकोस. प्रश्नपत्रिकेत तो चौकोनी हिऱ्यासारखा क्वचितच येतो, त्रिकोणात किंवा शिडीत लपवलेला असतो. यादीत मात्र लगेच ओळखू येतो: दोन मधले नोड, प्रत्येकाचं एक टोक अ ला, एक ब ला, आणि एक एकमेकांना.

आधी तो संतुलित आहे का बघ. अ–प ला प–ब ने भाग आणि अ–क ला क–ब ने भाग. दोन्ही गुणोत्तरं सारखी आली तर प आणि क एकाच विभवावर असतात, मधल्या रेझिस्टरमधून प्रवाह नाही आणि तो काढून टाकता येतो. इथे २/१ आणि १/२, म्हणजे संतुलित नाही. मग नोडवर प्रवाहाचं समीकरण मांडायचं. सोयीसाठी अ ७ व्होल्टवर आणि ब शून्यावर धरू. किमती दोन्ही बाजूंना उलटसुलट सारख्या आहेत, म्हणून प चं विभव x असेल तर क चं ७ − x. प मध्ये येणारा प्रवाह (७ − x)/२, जाणारा x/१ आणि (x − (७ − x))/१. सोडवलं की x = ३, म्हणून क ४ व्होल्टवर. अ मधून निघणारा प्रवाह (७ − ३)/२ + (७ − ४)/१ = २ + ३ = ५ अँपिअर, परिणामी रोध ७/५ = १.४ ओहम. ए. ई. केनेली यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या डेल्टा-स्टार रूपांतराने केलंस तरी हेच येईल.

अशा उत्तराची एक झटपट तपासणी आहे. मधला रेझिस्टर पूर्ण काढून टाक: ३ आणि ३ समांतर, १.५ ओहम. मग त्याच्या जागी तार लाव, म्हणजे प आणि क एकच नोड: दोन्हीकडे २ आणि १ समांतर, मिळून सुमारे १.३३. कुठलाही रोध कमी केल्याने परिणामी रोध वाढत नाही, त्यामुळे मध्ये कितीही ओहम असो, खरं उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. १.४ मध्ये बसतो. तुझं उत्तर या पट्ट्याबाहेर आलं तर समीकरणातली चिन्हं बघण्याआधी यादीतल्या प आणि क च्या नोंदी पुन्हा वाच. बहुतेक वेळा एखाद्या रेझिस्टरचं टोक प ऐवजी क ला लिहिलेलं सापडतं.